कणकेच्या एका परातीत एकशे बारा पानं

सत्यशीलाबाई औटींना वेळ विचारू नये. सुप्यात नवीन आलेला माणूस कधीतरी ही चूक करतो. "किती वाजले हो?" असं तो सहज विचारतो. मग ते घड्याळ कुणी दिलं, देणाऱ्या भावाचं लग्न कुठं झालं, त्या लग्नात जिलेबी कशी कमी पडली, जिलेबीवाला पुढं कोणत्या कंपनीत लागला आणि त्या कंपनीनं कामगारांना बोनस म्हणून हीच घड्याळं कशी वाटली, इतकं सगळं ऐकून झाल्यावर त्याला वेळ कळते. ती अर्थातच चुकीची असते, कारण सत्यशीलाबाई सुरुवातीला घड्याळ बघून ठेवतात.

त्यांचे यजमान रंगनाथराव हे पस्तीस वर्षं एस्टीत कंडक्टर होते. बोलायचं सगळं काम त्यांनी लग्नाच्या दिवशीच बायकोवर सोपवलं आणि स्वतः फक्त बेल वाजवली. सुनांच्या मते हे त्यांच्या सुखी संसाराचं रहस्य आहे.

अशा या बाई 'सुगरण महिला औद्योगिक सहकारी संस्थे'च्या चिटणीस आहेत. नावात औद्योगिक असलं तरी संस्थेचा उद्योग एकच, सुप्याच्या एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पुरवणं. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये पहाटेपासून बायका पोळ्या लाटतात, आमटी उकळते आणि नऊच्या सुमारास टेम्पो डबे घेऊन सुटतो. संचालक मंडळ सात बायकांचं, आणि सातहीजणी लाटणाऱ्या. त्यांना बसून सभा घ्यायला कधी सवड झालेली नाही. म्हणून संस्थेत पहिल्यापासून एक रीत पडली आहे. सकाळची पहिली परात मळून झाली की सभा सुरू होते आणि त्या परातीतली कणीक संपली की सभा संपते. विषय अर्धा राहिला तर अर्धाच राहतो. दुसऱ्या परातीला फक्त घरच्या गप्पा.

ही रीत अध्यक्ष आक्काबाईंनी पाडली. आक्काबाई जेवढं बोलतात ते पोस्टकार्डाच्या पाठीवर मावेल, आणि वर पत्त्याला जागा उरेल. चिटणिसांच्या बोलण्यावर इलाज म्हणूनच त्यांनी हा नियम काढला, असं खजिनदार रेबेकाबाईंचं मत आहे.

आता टेंडरचं सांगतो.

मागच्या वर्षी एका शाळेच्या उपाहारगृहाचं टेंडर निघालं होतं. ते वाचून सांगायचं काम रीतसर चिटणिसांकडं आलं. सत्यशीलाबाईंनी पान एकपासून सुरुवात केली. पान एकवर व्याख्या होत्या. 'कंत्राटदार' म्हणजे कोण, हे सांगता सांगता परात संपली. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचे कायदेशीर वारस झाले. तिसऱ्या दिवशी वारसांवरून बाईंना पारनेरच्या एका चुलत्याच्या जमिनीची वाटणी आठवली आणि ती दोन पराती पुरली. अशा रीतीनं मजल दरमजल करत त्या जेव्हा 'अंतिम दिनांक' या मथळ्यापाशी पोचल्या, तेव्हा तो दिनांक आठवड्यापूर्वीच येऊन गेला होता.

"गेली तारीख?" आक्काबाईंनी लाटणं थांबवून विचारलं.

"गेली. पण आक्का, पुढचं कलम फार सुंदर आहे."

त्या दिवशीच्या पोळ्या कामगारांना जरा चिवट लागल्या म्हणतात.

या वर्षी गोष्ट गंभीर होती. ज्यांचे निम्मे डबे जात होते, त्या कारखान्यानं स्वतःचं कॅन्टीन बांधायला घेतलं होतं. दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही तर निम्म्या बायकांना घरी बसावं लागणार होतं. आणि नेमकं याच वेळी नगरच्या एका सरकारी वसतिगृहाच्या भोजनाचं टेंडर निघालं. हायवेलगतच्या ई-सेवा केंद्रातल्या गोरक्षनं ते छापून आणून दिलं. पानं एकशे बारा. काही मराठीत, काही इंग्रजीत, आणि काही अशा भाषेत की ती नक्की कुठली हे कळायलाही वकील लागावा.

आक्काबाईंनी तो गठ्ठा हातात घेऊन वजन केलं. किलोचा अंदाज त्यांना बरोबर येतो.

"सत्यशीला, ह्या बारीला एका परातीत सांगायचं. आपल्याला चालतंय का, कवा भरायचं, काय काय लावायचं. बास. न्हाई जमलं, तर चिटणीस आराधना."

आराधना म्हणजे रेबेकाबाईंची सून. बी.कॉम. झालेली, आणि 'हो', 'नाही' व 'बघते' या तीन शब्दांवर आजवरचं आयुष्य काढलेली. ती दचकून आणखी जोरात लाटू लागली.

सत्यशीलाबाईंना मात्र हा घाव खोल लागला. अकरा वर्षं त्या चिटणीस होत्या. लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये त्यांचं नाव 'सौ. सत्यशीला रंगनाथ औटी (चिटणीस)' असं छापायचे. कंस नसेल तर त्या लग्नाला जायच्या, पण जेवायच्या नाहीत. सारं गाव त्यांना टाळून पलीकडच्या रस्त्यानं जाई, आणि चिटणीसपद ही जगातली एकच जागा होती जिथं सहा बायकांना त्यांचं ऐकावंच लागे, हात पिठात असल्यामुळं पळता येत नसे. ते पद गेलं असतं तर उरले असते एकटे रंगनाथराव.

बाईंनी वाचायला घेतलं. लोक टेंडर चाळतात, सत्यशीलाबाई ते कादंबरीसारखं वाचतात. दंडाच्या कलमावर त्या संतापल्या. "आमटीत खडा निघाला तर हजार रुपये? मग डाळ विकणाऱ्याला काय फाशी?" पूर, भूकंप, युद्ध अशा दैवी आपत्तीत कंत्राटदाराला सूट, हे कलम वाचताना त्यांचे डोळे पाणावले. "बघा, सरकारलासुद्धा मन असतं," त्या यजमानांना म्हणाल्या. यजमानांनी मान हलवली.

टेंडर भरण्याआधी शंका विचारण्यासाठी कार्यालयात एक बैठक असते. तिला जायला कुणालाच सवड नव्हती, म्हणून बाईच गेल्या. अटीत लिहिलं होतं की रोज किमान शंभर माणसांना भोजन पुरवल्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा. बाईंची शंका होती, की डबे पुरवणं हे भोजन पुरवणं धरतात का? तीन सेकंदांची शंका. ती त्यांनी कशी मांडली याला साक्षीदार आहेत, पण ते बोलायला तयार नाहीत. एवढं नक्की की साहेबांनी मध्येच हात जोडले आणि म्हणाले, "बाई, लेखी द्या. आम्ही शुद्धिपत्रक काढतो." ते खरंच निघालं. डब्यांचा अनुभव चालेल असं त्यात आलं, अर्जाचा नमुना बदलला, आणि इतर कुणाच्या तरी मागणीवरून शेवटची तारीखही सोमवारऐवजी गुरुवार झाली. फक्त वेळ संध्याकाळी पाचऐवजी दुपारी तीन.

वाचन झालं. आता सारांश. बाईंनी दोनशे पानी वही घेतली आणि थोडक्यात लिहायला बसल्या. वही संपली तेव्हा त्या टेंडरच्या चौथ्या प्रकरणात होत्या. मूळ दस्तऐवजापेक्षा सारांश जाड होण्याचा हा प्रकार जिल्ह्यात पहिलाच असावा. बाईंनी दुसरी वही आणायला सांगितली, तेव्हा रंगनाथरावांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. पस्तीस वर्षं 'जागा नाही, मागून गाडी आहे' म्हणणाऱ्या माणसाचं ते पाहणं होतं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या बिभीषण दळव्यांची बायको आली. सत्यशीलाबाई लग्नंही जुळवतात, हे सांगायचं राहिलं. दळवीणबाईंच्या मुलीसाठी त्यांनी श्रीगोंद्याचं एक स्थळ आणलं होतं. मुलाचा बायोडाटा चार पानी, त्यात पणजोबांनी बांधलेल्या विहिरीचाही उल्लेख.

"मुलगा शुगर फॅक्टरीत परमनंट," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "व्यसन नाही. पत्रिका जुळते. रविवारी अकराला यायचेत. पोहे आणि मुलीचा दहावीचा दाखला तयार ठेव."

दळवीणबाई खुशीत गेल्या. कोपऱ्यातून आवाज आला, "हे कसं झटक्यात सांगितलंस?"

रंगनाथराव बोलले होते! बाईंना आधी त्याचाच धक्का बसला. मग त्यांनी प्रश्नाचा विचार केला, आणि दुसरा धक्का बसला. खरंच की! मुलीच्या आईला पणजोबांच्या विहिरीशी काय करायचंय? तिला तीनच गोष्टी हव्या असतात. स्थळ जुळतंय का, कधी यायचं, आणि काय तयार ठेवायचं.

बाई उठल्या, लाल पेन घेतलं आणि एकशे बारा पानांचं लग्न लावायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी परात मळून झाली. आक्काबाईंनी पहिला गोळा उचलला. "हं. कर सुरू."

"बायांनो," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "आपली संस्था ही मुलगी. वसतिगृह हे स्थळ."

लाटणी थबकली.

"चांगलं हाय का स्थळ?" ज्ञानेश्वरी म्हणाली. ती सगळ्यांत धाकटी संचालक, आणि लग्न म्हटलं की तिचा जीव मोहरतो.

"सरकारी आहे. आता जुळतंय का बघा. संस्था नोंदणीकृत हवी, आहे. तीन वर्षांचा अनुभव हवा. डब्यांचा चालतो, शुद्धिपत्रकात लिहून आलंय, मीच विचारलं होतं, तेव्हा साहेब मला..."

"सत्यशीला," आक्काबाई म्हणाल्या.

"हो, हो. तीन वर्षांची सरासरी उलाढाल त्यांनी सांगितलीय त्याहून आपली थोडी जास्त आहे, सीएचा दाखला लागेल. अन्न परवाना आहे, पण पुढच्या महिन्यात संपतोय, तो आधी नवा करायचा. पत्रिका जुळली."

"आन् हुंडा?" रेबेकाबाईंनी विचारलं. खजिनदाराला दुसरं काय सुचणार?

"बयाणा रक्कम म्हणतात तिला. अनामत असते, काम नाही मिळालं तर परत येते. पण आपली लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे, तेवढ्यावर ती माफ. प्रमाणपत्र जोडलं तरच हं. तोंडी सांगून माफ होत नाही."

"बिनहुंड्याचं स्थळ!" ज्ञानेश्वरी खूष झाली.

"आता कार्यक्रम. लिफाफे दोन, दोन्ही ऑनलाइन. पहिला लिफाफा म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम. त्यात सगळे दाखले. मुलगी पसंत पडली तरच दुसरा लिफाफा उघडतात. ती देण्याघेण्याची बैठक. त्यात एका ताटाचा आपला दर. आणि नीट ऐका, बघायच्या कार्यक्रमात देण्याघेण्याचं अवाक्षर काढायचं नाही. पहिल्या लिफाफ्यात दर दिसला की स्थळ मोडलं."

"शोभंल का ते चारचौघांत!" आक्काबाईंनी दुजोरा दिला.

"सोबत न्यायचं काय, तर आपल्याला कुणी काळ्या यादीत टाकलेलं नाही असं स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरीच्या शिक्क्यासकट. त्याचा फोटो ऑनलाइन जोडायचा आणि मूळ कागद त्याच दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत नगरला पेटीत टाकायचा. सगळ्यावर आक्कांची डिजिटल सही, म्हणजे ते पेनड्राइव्हसारखं टोकन लागेल. आणि मुहूर्त गुरुवारी दुपारी तीनचा. संपलं."

आक्काबाईंनी परातीत डोकावून पाहिलं. कणीक उरली होती! संस्थेच्या इतिहासात हे कधी घडलं नव्हतं आणि अशा वेळी काय करायचं याचा नियमच नव्हता. शेवटी ज्ञानेश्वरीनं टाळ्या वाजवल्या आणि पीठ उडून सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या.

"सांगितलं झकास," आक्काबाई म्हणाल्या. "पर खरं का खोटं, ते पहिला लिफाफा उघडंल तवा कळंल. त्यात पास झालो तर चिटणीस तू. तवर आराधनानं तयारीत ऱ्हावं."

"बघते," आराधना म्हणाली.

पुढचे दिवस मजेत गेले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. रेबेकाबाईंनी सीएचा दाखला 'मुलीचा दाखला' म्हणत आणला. ज्ञानेश्वरी नोटरीकडं जाताना नवी साडी नेसली. अन्न परवाना नवा झाला. सत्यशीलाबाईंचं रूपक इतकं फिट्ट बसलं होतं की एक बारीकशी गोष्टही त्याच्यासोबत बसून आली, आणि ती कुणाच्याच, खुद्द बाईंच्याही, ध्यानात आली नाही.

आपल्याकडं लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा म्हणजे अक्षता पडतात दोनला. मधला वेळ पुढाऱ्यांचा. दूध संघाचे, पतसंस्थेचे, आजी, माजी आणि भावी असे सगळे पुढारी वधूवरांना शुभाशीर्वाद देतात, आणि भटजी उगाच अंतरपाटाच्या घड्या घालतात. मुहूर्तावर पोचणारा माणूस आमच्या भागात एकतर केटरर असतो, नाहीतर पाहुण्यांपैकी पुण्याचा.

गुरुवारी दुपारी सत्यशीलाबाई फाईल घेऊन शेडवर आल्या. आक्काबाई नव्हत्या.

"आक्का कुठायत?"

"भाच्याच्या लग्नाला," ज्ञानेश्वरी म्हणाली. "हायवेच्या मंगल कार्यालयात. साडेबाराचं लगीन हाय, उरकून येते म्हनल्या. आपला मुहूर्त तीनचा, म्हंजी चारपत्तुर चालंल की."

"चारपर्यंत? कोण म्हणालं?"

"तुमीच की! मुहूर्त म्हनला न्हवं का?"

रेबेकाबाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. आमच्या चर्चमध्ये वेळ म्हणजे वेळ."

"सासूबाई," आराधना पुटपुटली, "माझ्या लग्नात पाळकसाहेब तासभर उभे होते."

"तू पार्लरमध्ये होतीस म्हणून!"

आक्काबाईंना फोन लावला. उचलला बँडवाल्यांनी, म्हणजे पलीकडून तेवढंच ऐकू आलं. टोकन आक्काबाईंच्या कनवटीला, कुलपांच्या किल्ल्यांबरोबर, आणि त्याचा पिन त्यांच्या डोक्यात. डब्यांचा टेम्पो नुकताच रिकामा परतला होता. सत्यशीलाबाई पुढं बसल्या, बाकीच्या मागं, रिकाम्या डब्यांच्या खणखणाटात.

मंगल कार्यालयात कोणी माजी सभापती बोलत होते. वधूवर उभे राहून राहून घामाघूम झाले होते. आक्काबाई पहिल्या रांगेत, भरजरी नेसून, मुठीत अक्षता घेऊन बसल्या होत्या. चिटणीस येताना दिसताच आजूबाजूच्या बायकांनी सवयीनं खुर्च्या मागं सरकवल्या. हिचं आता निदान मंगलाष्टकांपर्यंत चालणार.

वाटेत टेम्पोत बाईंच्या मनात खूप काही जमलं होतं. मुहूर्त या शब्दाचा दोष, स्वतःचा दोष, पोर्टल हे माणूस नसून यंत्र आहे, त्याला पुढारी नसतात, ते तीनला आपोआप बंद होतं आणि मग साक्षात मंत्र्यांनाही उघडत नाही. हे सारं ओठांवर आलं. आणि सत्यशीलाबाईंनी ते गिळलं.

"आक्का, तीनला दार बंद. चल."

आक्काबाई ताडकन उठल्या. मागाहून त्या सांगत होत्या, की "मला वाटलं कुनीतरी गेलं. ही बाई एवढ्यात बोलली म्हंजी दुसरं काय असंल?" त्यांनी अक्षता तिथूनच भाच्याच्या दिशेनं भिरकावल्या. त्या पाहून मागच्या लोकांना वाटलं लग्न लागलं. त्यांनीही टाकल्या. बँड सुरू झाला. माजी सभापती 'आणि म्हणून मी आपणांस' इथं थांबले ते कायमचेच. भटजींनी घाईघाईनं अंतरपाट धरला आणि मंगलाष्टका आटपल्या. ते लग्न आमच्या भागात या मोसमातलं सगळ्यांत वेळेवर लागलेलं लग्न ठरलं. वधूपिता अजून आक्काबाईंना दुवा देतो.

गोरक्षच्या दुकानात दोन माणसं मावतात. सात बायका शिरल्या. गोरक्ष भिंतीला चिकटून टाइप करू लागला.

"टोकन लावा, आक्का. पिन सांगा."

आक्काबाईंनी संशयानं सगळ्यांकडं पाहिलं. "कान कर हिकडं."

गोरक्षनं कान केला, पिन ऐकला आणि चकित होऊन म्हणाला, "म्हशीचं नाव?"

"बोंबलू नगं!"

सत्यशीलाबाई फाईलमधून एकेक कागद काढून देत होत्या आणि गोरक्ष चढवत होता. नोंदणी, अनुभव, उलाढाल, परवाना, उद्यम, प्रतिज्ञापत्र. एका कागदाची फाईल मोठी झाली म्हणून पोर्टलनं नाकारली, ती बारीक करून पुन्हा चढवली. शेवटच्या तासाला राज्यभरातले सगळे कंत्राटदार एकदमच जागे होतात, त्यामुळं पडद्यावरचं चाक गरगर फिरत राहिलं. ज्ञानेश्वरीनं त्या चाकाला नमस्कार केला.

"द्या लवकर, राहिलेलं काय ते," गोरक्ष म्हणाला.

रेबेकाबाईंनी घाईनं हातातला कागद पुढं केला. गोरक्षनं तो पहिल्या लिफाफ्याला जोडायला घेतला. त्यावर ताटाचा दर होता.

"थांब!" पाच बायका एका सुरात ओरडल्या. "बघायच्या कार्यक्रमात देण्याघेण्याचं बोलायचं न्हाई!"

गोरक्षच्या दुकानात त्या वेळी रेशनकार्डासाठी आलेला एक म्हातारा होता. तो घाबरून म्हणाला, "मी काय बोललोच न्हाई."

दर दुसऱ्या लिफाफ्यात गेला. आक्काबाईंची डिजिटल सही उमटली. गोरक्षनं शेवटचं बटण दाबलं, चाक फिरलं, फिरलं आणि पोचपावती आली. दुकानाच्या घड्याळात तीनला चार मिनिटं कमी होती. त्यानंतर जरा वेळानं कुणी दुसरा ठेकेदार धापा टाकत आला आणि "अजून चालू असंल की" म्हणाला. बायकांनी त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात सात जन्मांची शहाणीव होती.

टेम्पो तसाच नगरला गेला आणि मूळ प्रतिज्ञापत्र पेटीत पडलं. शिपायानं भरजरीतल्या आक्काबाईंना पाहून म्हटलं, "मावशी, इथं लग्न नाही, कार्यालय आहे." आक्काबाई म्हणाल्या, "कळतंय मला. शुभमंगल सावधान म्हण आन् पेटी दाव."

मग वाट बघणं आलं. इथं सत्यशीलाबाईंची परीक्षा होती. त्यांच्या सारांशातून एखादी अट सुटली असेल, तर ती पहिला लिफाफा उघडल्यावरच कळणार होती. त्या दिवसांत त्या इतक्या कमी बोलल्या की रंगनाथरावांनी त्यांना डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं.

लिफाफा उघडला त्या दिवशी सकाळी बायका पोळ्या सोडून गोरक्षच्या मोबाईलभोवती जमल्या. एकूण पाच निविदा. एकीत पहिल्या लिफाफ्यात दर सापडला, अपात्र. दुसरीनं शुद्धिपत्रक न वाचता जुनाच नमुना भरला आणि प्रतिज्ञापत्राची मूळ प्रत दिली नाही, अपात्र. ही दुसरी पुण्याकडची मोठी केटरिंग कंपनी होती, तिच्याकडं म्हणे टेंडरसाठी वेगळा विभाग आहे. 'सुगरण महिला औद्योगिक' पुढं लिहिलं होतं, पात्र.

सत्यशीलाबाई मटकन पिठाच्या पोत्यावर बसल्या.

आक्काबाईंनी शब्द पाळायचा म्हणून विचारलं, "आराधना, तुला करायचंय का चिटणीस?"

आराधनानं लाटणं खाली ठेवलं. "आक्का, मी ते टेंडर घरी नेऊन वाचायला घेतलं होतं. पान सहाला झोपले. दुसऱ्या दिवशी परत पान सहा. काकूंनी सगळं वाचलं, शुद्धिपत्रकासकट, आणि वाचताना रडल्यासुद्धा. मला नाही जमायचं." एवढं बोलून ती लाल झाली. रेबेकाबाईंनी सुनेचं एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच ऐकलं होतं, त्या कौतुकानं सगळ्यांकडं पाहू लागल्या.

"झालं तर," आक्काबाई म्हणाल्या. "चिटणीस सत्यशीलाच. पर एक अट. वेळ सांगताना लगीन म्हनायचं न्हाई. दहावीचा पेपर म्हनायचं. पेपरला कुनी उशिरा जात न्हाई."

पुढच्या आठवड्यात दुसरा लिफाफा उघडला आणि तिघांत सुगरणचा दर सगळ्यांत कमी निघाला. करारनाम्यावर संस्थेतर्फे दोन सह्या लागतात, अध्यक्ष आणि चिटणीस. त्या करायला दोघी नगरला गेल्या. आक्काबाईंनी सही केली. सत्यशीलाबाईंनी पेन घेतलं, झोकात सही केली आणि खाली कंसात 'चिटणीस' असं ठळक लिहिलं. समोरचे साहेब नवीन होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी सौजन्यानं विचारलं, "करारनामा वाचलाय ना तुम्ही, बाई?"

आक्काबाईंनी डोळे मिटून घेतले, पण तोपर्यंत सत्यशीलाबाईंनी खुर्ची पुढं ओढली होती.